पैनगंगेच्या उतारावरून आलेलं पत्र

कापसाच्या भावाची बातमी पाठवून दुपारी मी फुलसावंगीला विमलताईंकडे गेलो. त्यांचे यजमान श्रीकृष्णकाका मोडी वाचतात. कोण्या मध्ययुगीन यात्रेकरूनं बायकोला लिहिलेलं पत्र त्यांनी उलगडलं आणि त्याच वाटेनं पायीच माहूरला निघाले. मध्ये पैनगंगा. तिला पूर आलेला, आणि काकांचा निरोप नव्हता.

"बसनं जा म्हटलं, तर म्हणे, देवीले काय तिकीट दाखवू?" ताई हसल्या, पण डोळे रस्त्याकडेच होते.

त्या पत्राची काकांनी केलेली नक्कल ताईंनी मला दिली.

'लमाणांच्या तांड्यासंगे चालतो. एकट्यानं रान धरू नये. रात्री बैलांभोवती जाळ ठेवतात, वाघ दूर राहतो. मठाच्या ओसरीत निजायला मिळते. वाटेत गोड बोलून लाडू देणारा भेटला, तर खाऊ नये. धोतरा घालून लुटतात. नदी सांगडीवर उतरतात. वाळले भोपळे दोरानं बांधायचे. आधी एकेक पाण्यात दाबून पाहायचा. बुडबुडा आला तर भोपळा फुटका. हे पत्र माघारी येणारा वाटसरू आणील. आधी त्याला जेवू घाल, मग वाच. तू जेवलीस ना?'

"शेवटचं वाचून ह्यांनी आधी मले जेवायला बसवलं," ताई म्हणाल्या.

अंगणात कोणीतरी खाकरलं. खांद्यावर घोंगडी, पाठीला भोपळ्यांची सांगड. सांगड मी फक्त चित्रात पाहिली होती.

"माहूरच्या वाटेनं आलो. घरधन्याचं पत्र हाये."

ताईंनी पत्र घेतलं. अक्षर काकांचं होतं. पण पत्र न उघडताच त्यांनी ते कमरेला खोचलं.

"आधी जेवा, बाप्पा. वाचणं कुठं पळून राह्यलं?"

तो ओसरीत बसला. ताईंनी भाकरी वाढली, ठेचा वाढला.

"लाजू नका. आमचे हे तर पाच खातात अन् दोन सांगतात."

तो हसला. पोटभर जेवला. बाहेर ऊन कडक होतं, पण त्याच्या धोतरातून पाणी ठिबकतच होतं.

ताईंनी आत येऊन पत्र उघडलं. शेवटपर्यंत वाचलं, डोळे पुसले आणि कागद माझ्याकडे दिला.

'विमल, सुखरूप उतरलो. काळजी करू नको. घाटावर हा सांगडवाला भेटला. दाबून पाहिलं तर माझ्या बाजूच्या भोपळ्यातून बुडबुडे आले. यानं आपले चांगले भोपळे मला बांधले, फुटके स्वतः घेतले.

मधल्या धारेत तो बुडाला.

वर आला नाही.

संध्याकाळी काठावर आला. म्हणाला, घरी काही निरोप?

मला त्याला सांगवलं नाही. तूही सांगू नको. पोटभर जेवू घाल.'

ताईंनी पदर सारखा केला, तव्यावरची गरम भाकरी घेतली आणि बाहेर गेल्या.

"अजून एक घ्या, भाऊ."

"पुरे, ताई." त्यानं हात धुतले, सांगड पाठीला लावली. "उत्तर लवकर लिहून द्या. मले उजेडातच नदी उतरा लागते. पाणी लय हाये, एखादा बुडायचा."