निळी रेघ, तांबडी रेघ

कऱ्हाडच्या स्टँडवर मी पहिल्यांदा नाथाजीच्या डोळ्यातच छत्री घातली. श्रावणातली भुरभुर होती, कोरेगावची गाडी नुकतीच थांबली होती, एका हाताला सात वर्षांची राही, दुसऱ्यात पिशवी... आणि छत्री उघडली ती सरळ पुढच्या माणसावर!

"आवं, डोळा फोडताय का काय माझा?"

"तुमी वाटंत का उभं राहिलाय?"

"वाट बघतोय. मग वाटंतच उभं ऱ्हायला पायजे की!"

मी चांगलं झणझणीत उत्तर शोधत होते. तेवढ्यात राही "नाथाकाका!" म्हणून त्याच्या कमरेला जाऊन बिलगली.

राही माझ्या थोरल्या बहिणीची, बनुअक्काची मुलगी. सासूशी पटलं नाही, नवरा मधे बोलला नाही, म्हणून अक्का तासगाव सोडून कोरेगावला माहेरी आली होती. दोन्हीकडच्या थोरल्यांनी बसून ठरवलं की राही शाळेसाठी आईकडे राहील आणि महिन्यातून एकदा शनिवारी वडिलांकडे, आकारामदाजींकडे जाईल. अदलाबदल कऱ्हाडला. आजवर दाजींचे चुलते यायचे. त्यांचे गुडघे धरले म्हणून हा दाजींचा मामेभाऊ नाथाजी आला होता. गावच्या सोसायटीत सेक्रेटरी, दात पांढरेशुभ्र आणि हसायची सवय जरा जास्तच.

"ह्या खेपेला रविवारी चारच्या गाडीनं परत, पलूसवरनं न्हवं, विट्यावरनं. सोबत खोकल्याचं औषध. बरोबर?" त्यानं खिशातलं अंतर्देशीय काढून विचारलं. अक्काचंच पत्र ते. मी वाकून पाहिलं आणि पाहतच राहिले. पत्रभर निळ्या आणि तांबड्या रेघा होत्या!

मी पिशवीतून दाजींचं पत्र काढलं. त्यावर माझ्या रेघा. निळ्या आणि तांबड्या.

"तुमी बी?" तो म्हणाला.

"मी मास्तरीण हाय. दोन तोंडांची पेन्सिल माझ्या केसात खोचलेलीच असती."

"निळं म्हंजी?"

"काम. वार, गाडी, कोण येणार, संगं काय द्यायचं. तांबडं म्हंजी टोमणा. अक्काला मी निळं तेवढंच वाचून दाखवते आन् उत्तर बी निळ्यालाच लिहायला लावते. न्हाईतर ती एका तांबड्या ओळीवर चार पानं लिहील आन् गाडीचा टाइम ऱ्हाऊनच जाईल. तरी तिचं थोडं तांबडं घुसतंच."

"आकारामदादाचं बी तेच. 'तुम्हाला वेळेची किंमत कधीच नव्हती' एवढं वाचलं की चूल पेटली. पुढं 'चारला स्टँडवर या' लिवलंय, ते डोळ्यापुढं असून दिसत न्हाई."

आम्ही दोघं हसलो. गाडी गाठायची एवढी घाई असताना मला उगाच वाटलं... ही विट्याची गाडी जरा उशिरा आली तर काय बिघडेल?

पुढचे दोन महिने मी त्या शनिवारची वाट पाहत होते. हे मी आता सरळ सांगते; तेव्हा मात्र राहीची वेणी घालताना दोनदा आरशात पाहिलं तरी कारण राहीचंच सांगत होते. नाथाजी माझी छत्री लांबूनच ओळखायचा आणि डोळ्यावर हात धरायचा. मी लटकं रागवायची. राही मधे बसून बिस्किट खायची.

आणि मग दिवाळीआधी राही परत आली ती ओठ सुजलेली, अंगभर पित्ताच्या गांधी उठलेली. नाथाजीनं तिला कडेवर घेऊनच उतरवलं. त्याचं हसू पार गेलं होतं.

"आत्तीनं, दादाच्या आईनं लाडू दिलं... शेंगदाण्याचं. डॉक्टरनं सुई दिली, आता उतारावर हाय. पर शालूबाई, चूक माझी हाय. हे बघा."

त्यानं अक्काचं पत्र उलगडलं. त्यात होतं, 'तुमच्या आईच्या दाण्याच्या लाडवांनी माझ्या पोरीचं कधी भलं झालेलं मी बघितलं नाही.' आणि खाली त्याची ठळक तांबडी रेघ.

"सासूसुनंचं भांडण म्हनून मी दादाला वाचून दाखवलंच न्हाई," तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याच्या जागी मी असते तर? मीही तांबडीच मारली असती. टोमणा काढून टाकल्यावर आत काही काम उरतंय का, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

घरी अक्कानं राहीला पोटाशी धरलं आणि एकच वाक्य बोलली, "आता पोरगी तिकडं पाय ठेवणार न्हाई."

राही हुंदके देत म्हणाली, "पर आप्पांनी माझ्यासाठी झोका बांदलाय..."

राहीचा बाप तुटणार होता. आणि माझा शनिवारही. कुणाचं दुःख जास्त होतं ते मी स्वतःला विचारलं नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी नाथाजीकडनं आणलेलं ते पत्र अक्कापुढं ठेवलं. "अक्का, हे दाण्याचं तू कळवलंस. पर सासूच्या नावात गुंडाळून कळवलंस. त्यांना सासूच दिसली, दाणा दिसला न्हाई."

"म्हंजी माझंच चुकलं?"

"रेघ मारणाऱ्याचं बी चुकलं. पर आता तूच लिही. त्यांना साधं कळंल असं."

अक्कानं पेन शोधून आणलं. मग एका कार्डावर तिनं लिहिलं, 'राहीला शेंगदाणे किंवा दाण्याचं काही देऊ नका. अंगावर पित्त उठतं. समजलं ते परत लिहून कळवा.' पुढं काहीतरी लिहायला तिनं पेन टेकवलं... आणि उचललं.

आठवड्यानं दाजींचं कार्ड आलं. 'राहीला शेंगदाणे व दाण्याचं काही देणार नाही. आईला व शेजारी सांगितलं. शनिवारी गाडी तीच. नाथाजी येईल.' मी पेन्सिल घेऊन बसले, पण तांबड्याला जागाच नव्हती. अक्कानं ते कार्ड दोनदा वाचलं आणि राहीचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

त्यानंतर कार्डं साधीच येत राहिली. अक्का आणि दाजी एकत्र आली नाहीत, पण राहीचा झोका चालू राहिला. घर कसं हलकं झालं होतं.

मग माघात एक कार्ड आलं, माझ्या नावानं.

'येत्या शनिवारी राहीच्या शाळेची सहल आहे, तेव्हा ती येणार नाही, हे कळलं. तरी मी सकाळच्या गाडीनं विट्यावरून कऱ्हाडला येतो. संगं काही द्यायचं नाही. छत्री असली तरी चालेल. यायचं की नाही, ते कळवावं. — नाथाजी.'

मी कार्ड पदराखाली लपवलं. पण अक्काचे डोळे! तिनं हात पुढं केला. मी खाली मान घालून ते दिलं. ह्या घरात आणखी एक सोयरीक तासगावची... तिला चालेल का?

अक्कानं माझ्या केसातली पेन्सिल ओढून काढली. पहिल्या ओळीखाली निळी रेघ मारली. दुसरीखाली निळी. छत्रीपाशी ती थांबली, माझ्याकडं बघितलं, ओठ दाबून हसली आणि तिथंही निळीच मारली. शेवटपर्यंत.

"समदं कामाचंच हाय की गं," ती म्हणाली.

"अक्का..."

"निळ्याला उत्तर द्यायचं, असं तूच शिकवलंस न्हवं मला? मग दे की, शाले. पोस्ट बंद व्हायच्या आत टाक."

मी कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'शनिवारी सकाळी येते. छत्री आणते.'