दहा मिनिटं

मेहकरला बस स्टँडसमोर समीनाभाभींचं कॉस्मेटिक्सचं दुकान आहे. मी तिथे चार वर्षं काम करते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केल्यामुळे बाटलीमागचं बारीक छापलेलं मला समजतं, म्हणून सीरमचा काउंटर माझ्याकडे आहे.

विकण्याची पद्धत ठरलेली आहे. किंमत आधी सांगायची नाही. सध्या काय लावता ते विचारायचं, पण त्याला नावं ठेवायची नाहीत. मग बाटली गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची. हातात आलेली वस्तू परत ठेवणं जड जातं. टेस्टरचा थेंब एकाच हातावर लावायचा, म्हणजे दुसरा हात आपोआप निस्तेज दिसतो. शेवटी किंमत सांगायची आणि गप्प राहायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सोजराबाई दुकानात आल्या. मी त्यांना दारातच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही.

सहा वर्षांपूर्वी त्या दुसरबीडहून सुलतानपूरला आमच्या घरी आल्या होत्या, मुलासाठी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला. काजल पाटावर बसली होती. सोजराबाईंनी पदराचा कोपरा पाण्याच्या पेल्यात बुडवला, तिची हनुवटी धरली आणि तो ओला कोपरा गालावरून घासला. मग तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"पावडर नाही," त्या म्हणाल्या. "रंगच हाये तिचा."

खोलीत अकरा माणसं होती. काही जण हसले.

त्यानंतर काजल कुणाला न सांगता बाजारातल्या बिननावाच्या डबीतलं गोरं करणारं क्रीम लावू लागली. त्यात स्टेरॉइड होतं. दोन वर्षांत तिच्या गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. खालच्या लाल शिरा दिसतात. उन्हाची तिरीप लागली तरी आग होते, म्हणून ती दिवसा अंगणातही येत नाही.

सोजराबाईंना आता वांग आले होते. दोन्ही गालांच्या हाडांवर, नाण्याएवढे, कडा अस्पष्ट. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं आणि व्हिडिओवाला येणार होता. दीडशेपर्यंतचं एखादं क्रीम दाखव, असं त्यांनी सांगितलं.

त्यांना खरं तर रोजचं सनस्क्रीन आणि डाग हळूहळू फिकट करणारं सौम्य निआसिनामाइड हवं होतं. माझा हात त्या कप्प्याकडे गेलाही होता. मग तो वर गेला आणि मी लाल बाटली काढली.

ते पीलिंगचं सीरम आहे. तीस टक्के फळांची आम्लं, दोन टक्के सॅलिसिलिक. पीएच साडेतीनच्या आसपास. आम्ल वरच्या मृत पेशींमधले दुवे सैल करतं आणि थर निघून जातो. योग्य वापरलं तर चेहरा उजळतो. जास्त वेळ राहिलं तर भाजतं, आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर भाजल्याचा डाग वांगापेक्षा काळा पडतो. म्हणून ही बाटली देताना सांगावंच लागतं: आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, कोरड्या चेहऱ्यावर लावा, आठवड्यातून फार तर दोनदा, आणि दहा मिनिटांत धुवा.

मी बाटली त्यांच्या हातात दिली.

"हे रगतावानी काय हाये?" त्यांनी विचारलं आणि ती परत काउंटरवर ठेवली.

रंग एका फळाच्या अर्काचा आहे, मी सांगितलं. त्या उठल्या. मुलगा रागवेल म्हणाल्या. मी अडवलं नाही. आरसा फक्त थोडा त्यांच्याकडे वळवला. त्या पुन्हा बसल्या.

मी त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर एक थेंब टाकला आणि पसरवला. अर्ध्या मिनिटात चुणचुण व्हायला हवी.

"थंड लागते," त्या म्हणाल्या.

चुणचुण माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर सुरू झाली होती.

शिंतोडा उडाला असेल म्हणून मी बेसिनवर जाऊन हात धुतला. फरक पडला नाही. दोन मिनिटांनी मी त्यांच्या हातावरचं सीरम ओल्या वाइपने पुसलं, आणि माझ्या हाताची चुणचुण त्याच क्षणी थांबली. मी तो योगायोग समजले. का कोण जाणे, तो वाइप मी उजेडात धरला.

"काय पाहून राह्यली, पोरी?"

"काही नाही," मी म्हणाले. मग किंमत सांगितली, तेवीसशे, आणि गप्प राहिले. त्यांनी डावा हात पाहिला, उजवा हात पाहिला, पुन्हा डावा पाहिला.

"दे. पण हे लावून ठेवू किती वेळ?"

माहितीचा कागद इंग्रजीत होता. तो मी पिशवीत टाकला नाही.

"जितका वेळ राहील तितकं मुरेल, मावशी," मी म्हणाले. "रोज लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी शॅम्पूच्या बाटल्या पुसत होते. उजव्या गालाच्या हाडावर काहीतरी थंड टेकलं. एक थेंब. मग डाव्या गालावर. मग ते पसरलं, जसं बोटांनी पसरवावं तसं, मधून बाहेर.

मी आरशात पाहिलं. चेहरा कोरडा होता.

अर्ध्या मिनिटाने चुणचुण सुरू झाली. मी घड्याळ पाहत उभी राहिले. दोन वाजून दहा मिनिटं झाली. अकरा झाली.

पाच वाजता आग एकदम थांबली. हनुवटीवरून पाणी ओघळल्यासारखं वाटलं.

गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. मी साबण बदलला, घरच्या पाण्याचा पीएच तपासला, दुकानातलं एकही टेस्टर उघडलं नाही. रविवारी बुलढाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, कोणतं अ‍ॅसिड लावता? काहीच नाही म्हटल्यावर किती शिकलात तेही त्यांनी मला विचारलं.

सोमवारी बिलावरच्या नंबरवर फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. चूक झाली, दहा मिनिटांतच धुवा, खरं म्हणजे लावूच नका, बाटली परत आणा, पैसे मी देते.

"काऊन?" सोजराबाई म्हणाल्या. "मले तर थंडच लागते. दुपारी लावते अन् निजते मी. लय गुण हाये त्यात."

"मावशी, त्याने भाजतं."



"मले नाही भाजत," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी तोंडाला मास्क लावू लागले. दुपारी दोन ते पाच मागच्या गोदामात बसायची परवानगी मागितली. समीनाभाभींनी कारण विचारलं नाही. घरी काजल माझ्याकडे बराच वेळ बघते. एकदा तिने स्वतःचं औषध माझ्या उशाशी ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी सोजराबाई पुन्हा आल्या. त्यांचे गाल साफ होते. नव्या कातडीची चमक होती. व्हिडिओ छान आला म्हणाल्या. बाटली संपली होती, दुसरी हवी होती. किंमत त्यांनी विचारली नाही.

दुकानातलीही संपली, मी म्हणाले. त्यांनी माझ्या मागच्या कप्प्याकडे बोट केलं. तिथे चार होत्या.

मग त्या काउंटरवर वाकल्या आणि माझा मास्क हनुवटीखाली ओढला. मी हलू शकले नाही.

माझ्या गालांच्या दोन्ही हाडांवर, नाण्याएवढे, काळे डाग.

त्यांनी डब्यातून एक ओला वाइप काढला. माझी हनुवटी धरली आणि गालावरून तो एकदा घासला. दाराच्या उजेडात धरून नीट पाहिला.

"पावडर नाही," त्या म्हणाल्या.