नजरेची सरासरी

इचलकरंजीत शेवटचा जाड माणूस दिसला त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. सहाव्या वर्षी प्रत्येक मुलाला सरकारी दवाखान्यात तनुलस टोचली जायची. पोट भरल्याची खबर आतड्यातून मेंदूला पोचवणारं एक संप्रेरक असतं. तनुलशीमुळे ते शरीरात आयुष्यभर जरा जास्तच बनत राही. चार घास खाल्ले की माणूस ताटावरून उठायचा. मधुमेह ओसरला, गुडघे शाबूत राहिले. सगळं गाव सडपातळ झालं, आणि सडपातळपणाला कुणी विचारेनासं झालं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

कल्याणी सुतारची सतरा वर्षांची मुलगी ऋजुता महिनाभर एकाच हट्टाला पेटली होती. तिला ‘भरणी’ करून घ्यायची होती. तनुलशीचा परिणाम कायमचा पुसून दंड, गाल, कंबर भरायला लावणारा हा नवा उपचार महाग होता आणि एकदा केला की उलटवता येत नव्हता. अठरा पूर्ण नसतील तर आईची संमती लागे, आणि कल्याणी ती द्यायला तयार नव्हती.

“नाचाच्या गटातनं काढलं मला. भरणी केलेल्या पोरी काडी म्हणत्यात,” ऋजुता म्हणाली.

“म्हणू देत की. धडधाकट पोरगी तू, कशाला अंगाशी खेळायचं? चांगली दिसतीस मला.”

“तुला दिसून काय उपयोग?”

कल्याणीने विषय तिथेच तोडला. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं होतं, पण तिचा निश्चय पक्का होता.

कल्याणीचा धंदा कापड दुकानांतल्या पुतळ्यांचा. आजोबांपासून चालत आलेला. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती: नव्या पुतळ्याचा पहिला नमुना टेपने मापायचा नाही, नजरेने घडवायचा. ‘बघणाऱ्याला बरोबर वाटलं की माप बरोबर,’ असं आजोबा म्हणत. जुने साचेही कुणी मोडत नसे. त्या साच्यांसाठीच डॉक्टर मेघश्याम राजाध्यक्ष तिच्याकडे आले. माणसाची नजर कशी घडते याचा अभ्यास करणारे हे शास्त्रज्ञ साच्यांच्या रांगेपुढे देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

“हा आजोबांचा पहिला साचा, नाही का? कंबर बघा किती भरदार. आणि हा तीस वर्षांनंतरचा. खांद्याची हाडं दिसतात.”

“आजोबा म्हणायचे, बाप्येबाया तसंच मागत्यात.”

“का मागतात, हे कधी विचारलंत?”

कल्याणी हसली. पण डॉक्टर मंडळी विचारल्याशिवायही सांगतात.

“धान्य तुटपुंजं असतं, बहुतेकांची हाडं दिसत असतात, तेव्हा भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण. मग धान्य मुबलक होतं, कामं खुर्चीत बसून होतात. अशा वेळी वजन कुणाचंही वाढतं. बारीक राहायला वेळ लागतो, व्यायामशाळा लागते, निवडून खाणं लागतं. लगेच बारीक अंग प्रतिष्ठेचं. तनुलशीने बारीकपणा फुकटात मिळू लागला, म्हणून आता भरणी. जे मिळायला अवघड, तेच नजरेत भरतं. नितळ त्वचा, निरोगी चेहरा यांची ओढ फारशी हलत नाही. अंग किती भरलेलं हवं, ही आवड मात्र हलते.”

“पण एकाला हवं म्हणून सगळ्यांना कसं हवं होतं?”

“पैसेवाल्यांचीच चित्रं भिंतीवर लागतात, कपडे त्यांच्या मापाचे निघतात. तुम्ही पुतळे त्या मापाचे करता. बाकीचे दिवसभर तेच बघतात. डोळा पाहिलेल्या सगळ्या अंगांची आपोआप सरासरी काढत असतो. मी तिला नजरेची सरासरी म्हणतो. त्या सरासरीजवळचं ते नेहमीचं आणि बरं वाटतं, लांबचं विचित्र.”

“माझी नजर तसली नव्हं. तीस वर्षं पुतळे घडवतीया.”

डॉक्टरांनी तिला पडद्यावर बारीक ते जाड अशा आकृत्या पाठोपाठ दाखवल्या आणि सर्वांत बरोबर वाटेल ती निवडायला सांगितलं. मग दहा मिनिटं नुसत्या भरदार आकृत्या दाखवल्या आणि पुन्हा निवड करायला लावली. कल्याणीने बिनधास्त बोट ठेवलं. ते आधीपेक्षा चांगली दोन घरं जाड आकृतीवर होतं. आणि मघाशी निवडलेली आता तिला उपाशी वाटत होती.

“हे थोड्या वेळानं उतरेल,” डॉक्टर म्हणाले, “कारण फक्त दहा मिनिटं झाली. भोवती सगळीकडे तेच असेल, तर उतरायला वावच मिळत नाही.”

“म्हंजे भरणी केलेल्या पोरी उद्या...”

“पूर्वी हा हेलकावा तीस-चाळीस वर्षांचा होता. चित्रं सावकाश पसरत, अंग सावकाश बदले. आता चित्रं दिवसात पसरतात. भरणी दोन वर्षांत स्वस्त होईल असा माझा हिशेब आहे. स्वस्त झाली की पुन्हा बारीक. अंग मात्र तेच राहील.”

 संमती द्यायची नाही, हे कल्याणीने त्या दिवशी पुन्हा ठरवलं.

त्याच आठवड्यात दोनशे भरदार पुतळ्यांचं काम आलं. आजोबांच्या रीतीप्रमाणे तिने पहिला नमुना नजरेनेच घडवला आणि सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ ती त्या गोल खांद्यांत, भरल्या दंडांत वावरली. बाहेर पडली तरी भिंतींवर तेच.

काम संपलं त्या सकाळी ऋजुता न्हाऊन उन्हात केस वाळवत उभी होती. कल्याणीने तिच्याकडे पाहिलं. मान केवढी बारीक, मनगटं केवढी! पोर आजारी आहे की काय? क्षणभरच. पण ते तोंडावर उमटलं, आणि पोरीने ते पाहिलं.

“तुलाबी तसंच दिसतंय न्हवं, आई?” ऋजुता हळू म्हणाली.

काय होतंय ते कल्याणीला ठाऊक होतं. नाव, कारण, सगळं. ठाऊक असून डोळे काही ऐकेनात. तिने डॉक्टरांना फोन लावला.

“माझी पोरच मला आजारी दिसाया लागली. माझी नजर आदीसारखी करून द्या.”

“गावाबाहेर जा, पंधरा दिवस चित्र बघू नका. उतरेल. पण कल्याणीताई, तिच्या मैत्रिणींचे डोळे कुठे नेणार?”

ऋजुताने जेवण सोडलं. चौथ्या दिवशी कल्याणीने संमतीवर अंगठा उमटवला.

पाच महिन्यांत ऋजुता भरली, नाचाच्या गटात परतली, हसायला लागली. कल्याणीला ती खरोखरच सुंदर दिसे, आणि त्या सुंदर दिसण्याचीच तिला भीती वाटे.

डॉक्टरांचा दोन वर्षांचा हिशेब फक्त दोन महिन्यांनी चुकला, इतकंच. भरणी फुकटात मिळू लागली, गल्लीबोळ गुबगुबीत झाले, आणि मोठ्या दुकानांनी बारीक पुतळे मागितले. कल्याणीने काम नाकारलं. पुतळे दुसऱ्या कारखान्याने केले आणि महिन्याभरात बाजारपेठेच्या दर्शनी काचांमागे उभे राहिले. ती डोळे खाली घालून चालायची. घरी आली की पोरीसमोर बसून तिला बघत राहायची, सरासरीत तीच जास्त भरावी म्हणून. पण एका पोरीने सरासरी किती हलणार?

एका सकाळी ऋजुता नवा पोशाख घालून दारात आली. घाबरलेली होती.

“आई, खरं सांग. कशी दिसतीया मी?”

“छान,” कल्याणी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

ऋजुता आत गेली. तिने दार लावून घेतलं.