उंबऱ्यावरचा तिसरा निरोप

संक्रांतीच्या शुभेच्छासुद्धा परत येऊ शकतात, हे वृषालीला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. पत्ता चुकलेलं पाकीट पोस्टातून शेरा मारून परत यावं, तसा तिचा निरोप दोन मिनिटांत मोबाईलवर परत आला होता. खाली शेरा होता : "नऊ वर्षांनी आलेला निरोप. काय घडलं होतं, याचा उल्लेख नाही. हाच मजकूर एकशे बारा जणांना गेलेला आहे."

"बाई गं! हे त्याला कसं कळलं?" ती तेव्हा ओरडली होती.

त्याला म्हणजे उंबऱ्याला. यंत्रांनी लिहिलेल्या निरोपांचा इतका पूर आला, की माणसं फोन उघडायलाच घाबरू लागली. मग हे उंबरे आले. अनोळखी माणसाचा किंवा आपण मुद्दाम बाहेर ठेवलेल्या माणसाचा निरोप उंबरा आधी स्वतः वाचतो आणि मालकाच्या पसंतीचा वाटला तरच आत सोडतो. एकाच माणसाचे तीन निरोप परत गेले, की त्याला दार कायमचं बंद. अर्जविनंत्या चालत नाहीत.

वृषालीचे दोन निरोप परत आले होते. तिसऱ्यासाठी एप्रिलातल्या एका सकाळी ती साताऱ्यातल्या घरी स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती आणि समोर तिची मुलगी ऋजुता फोन घेऊन बसली होती.

निरोप होता हेमांगीला. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत दोघींनी एकाच टेबलावर बावीस वर्षं काम केलेलं. डबा एक, गप्पा एक, साहेबांची नक्कल करून हसणं एक. ऋजुताला सायकल शिकवली ती हेमांगीनं, मागून धावत धावत, साडी खोचून. आणि नऊ वर्षांपूर्वी ऋजुताच्या डोहाळजेवणाला वृषाली ओटीचं तबक एकेका बाईपुढे धरत आली, ते हेमांगीपुढून तिनं तसंच पुढे नेलं आणि शेजारच्या बापटबाईंच्या हातात दिलं. हेमांगीचे यजमान जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हेमांगी जेवली, हात धुतले, "येते गं" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी वृषालीनं फोनवर सारवासारव केली, आणि नंतर हेमांगी दापोलीला भावाकडे राहायला गेली. त्यानंतर शब्द नाही.

"आई, दुसरा निरोप परत का आला, ते पुन्हा वाच," ऋजुता म्हणाली.

"पाठ आहे मला. 'स्पष्टीकरणाची अकरा वाक्यं. क्षमा एक, तीही तुला वाईट वाटलं असेल तर, अशी. दोष तिसऱ्या व्यक्तीवर.' मेलं ते यंत्र! तुझी आजी समोर बसली होती, मी काय करणार होते?"

"आजी आत झोपली होती," ऋजुता हळूच म्हणाली. "तिला ताप होता त्या दिवशी. मी स्वतः तिला पेज दिली होती."

वृषालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. नऊ वर्षं तिनं इतक्या वेळा स्वतःला ही गोष्ट सांगितली होती, की सासूबाईंचे वटारलेले डोळे तिला अगदी दिसत असत. म्हणजे कोणीच काही म्हटलं नव्हतं. सगळी तिचीच करणी होती.

"तू तेव्हा का बोलली नाहीस?"

"मी सातव्या महिन्यात होते आणि मखरात बसले होते, आई. आणि मलाही धीर झाला नाही. मीही चुकलेच."

ऋजुतानं आईपुढची एक शेंग उचलून मोडली. मग ऋजुता म्हणाली, "एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. निरोप का परत केला, हे पाठवणाऱ्याला कळवायचं की नाही, ते मालक ठरवतो. हेमांगीमावशीनं ते बंद केलेलं नाही. तुला कारण कळावं, असं तिला वाटतंय."

त्या एका वाक्यानं वृषालीला बळ आलं आणि भीतीही दुप्पट झाली. आता चुकलं तर दार कायमचं बंद.

ऋजुतानं फोनवरचा लेखनिक उघडला. हा लेखनिक मजकूर लिहून देतो आणि समोरचा उंबरा तो स्वीकारेल का, याचा अंदाजही वर्तवतो. त्यानं पापणी लवायच्या आत लिहून दिलं : "प्रिय हेमांगी, माझ्या वर्तनामुळे तुझ्या सन्मानाला जी ठेच पोहोचली, तिची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारते..." अंदाज शहाण्णव टक्के.

"ही मी नाही," वृषाली म्हणाली. "ही बँकेतली बाई बोलतेय. हेमा हसेल. नाही, हसणारसुद्धा नाही."

तिनं फोन ओढून घेतला आणि एका बोटानं लिहायला लागली. चार वेळा खोडलं. "पण" आला की ऋजुता बोट ठेवायची. "'पण'नंतर तू स्वतःची बाजू मांडतेस, आई." 'त्या वेळी रीतच तशी होती' हे गेलं. 'मलाही फार त्रास झाला' हेही गेलं. "खरा आहे तो त्रास, पण तो मावशीनं विचारला तर सांग. आज तिच्याबद्दल लिही."

शेवटी उरलं ते असं :

"हेमा, ऋजुताच्या ओटीचं तबक तुझ्यापुढून मी नेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. बायका काय म्हणतील, या भीतीनं नेलं. तुझ्याइतका त्या ओटीवर कोणाचाच हक्क नव्हता. नंतर फोनवर 'तुला वाईट वाटू नये म्हणून केलं' म्हणाले, ते खोटं होतं. परत आलेल्या निरोपात सासूबाईंवर ढकललं, तेही खोटं. मी चुकले. तुझी फार आठवण येते."

लेखनिकाचा अंदाज : अठ्ठावन्न टक्के.

"एवढेच?" वृषालीनं विचारलं.

"समोरच्याला मोकळीक नाही, म्हणतोय," ऋजुतानं वाचलं. "ज्याला दुखावलं, त्याला गप्प राहायचाही हक्क असतो. इतक्या वर्षांनी दार वाजवायचं आणि लवकर उघड म्हणायचं, असं नको. त्यानं एक वाक्य सुचवलंय. 'तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' ते घातलं तर चौऱ्याहत्तर."

वाक्य चांगलं होतं, शहाणं होतं. वृषालीनं ते शेवटी घातलं, देवाचं नाव घेतलं आणि निरोप पाठवला.

दोन मिनिटं गेली. निरोप परत आला नाही. पाच मिनिटं, दहा. मग खाली बारीक अक्षरात उमटलं : "उंबऱ्याच्या आत." ऋजुतानं आईला मिठी मारली. वृषाली मात्र तशीच ताठ बसून होती. आत गेला म्हणजे आता हेमांगी तो वाचणार. वाचून तिला काय वाटेल, हे कुठलाच लेखनिक सांगणार नव्हता.

सव्वाअकराला उत्तर आलं. एकच ओळ.

"वृषे, हे सगळं तू लिहिलंस का?"

वृषे! त्या हाकेनंच तिला भरून आलं. मग प्रश्न ध्यानात आला.

"हो म्हण," ऋजुता घाईनं म्हणाली. "एका वाक्यानं काय होतंय? बाकी सगळं तुझंच आहे. उगाच तोंडाशी आलेला घास घालवू नकोस."

खोटं बोलणं फार सोपं होतं. आता तपासायला मध्ये उंबराही नव्हता. तिनं लिहिलं :

"शेवटचं वाक्य सोडून. ते मशीननं सुचवलं. शहाणपणाचं होतं म्हणून घातलं, पण खरं नाही. तू उत्तर दिलं नसतंस तर मला चाललं नसतं, हेमे. सकाळपासून या मेल्या फोनकडे बघत बसलेय."

"आई!" ऋजुतानं कपाळावर हात मारला. पण निरोप गेला होता.

या वेळी उत्तराला वेळ लागला. ऋजुतानं गवार फोडणीला टाकली, ती शिजली, तरी फोन गप्प. वृषालीनं मनाची तयारी केली. खरं बोलून दार बंद झालं तर झालं, असं ती स्वतःला सांगत राहिली. तिला ते पटत नव्हतं.

मग फोन वाजला.

"वाटलंच. ते एक वाक्य तुझं नव्हतं. मनाला पटत नसेल ते तू कधीच चालवून घेतलं नाहीस, साहेबांसमोरसुद्धा नाही. म्हणून तर नऊ वर्षं मला उलगडा होत नाही. भीती वाटली म्हणतेस, ती मला समजते. पण माझ्यापुढून तबक नेताना, वृषे, तुझ्या मनाला ते चाललं कसं गं?"