मालनवैनींचं उलटं कोडं

नामांतराच्या बंदमुळे परभणीहून येणारी एसटी पेडगावला आली नाही, म्हणून आम्ही भावाच्या घरी अडकलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको कुसुम आणि चार वर्षांची विशाखा. पौषाचे दिवस होते, अंधार लवकर पडायचा. त्यात वीज गेली. पंडितदादा चावडीकडे काय बातमी आहे ते बघायला गेला होता, आणि दूरवर माणसांचा गलका ऐकू आला की मुलं दाराकडे बघायची.

मालनवैनींनी कंदील लावला, दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, "या रे समदे. कोडी घालू."

मी कालवा खात्यात मोजणीदार. साखळी, पातळी, उतार, एवढ्यावरच माझा विश्वास. वैनी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण कोड्यांच्या बाबतीत त्या माझ्यासारख्याच काटेकोर होत्या आणि ते बघायला मला फार आवडायचं. त्यांच्या खेळाला रीत होती. पहिल्या फेरीत वैनीच घालायच्या. सुरुवात सगळ्यात लहानापासून, आणि त्याच्या कोड्याचं उत्तर त्याच्या नजरेसमोर असलं पाहिजे. मोठ्यांना उत्तर आलं तर त्यांनी ओरडायचं नाही, कानाची पाळी धरायची. अडलं तर तीन खुणा मागायच्या: कुठं राहतं, काय करतं, आणि पहिलं अक्षर. मग जो ओळखेल त्याला घालणाऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं, की पुढचं कोडं घालायची पाळी त्याची. आणि कोड्याला उलट कोडं घालता यायचं. मग आधी त्याचं उत्तर द्यावं लागे.

"चार पाय, पर चालत न्हाई. दुसऱ्याला निजवतं, आपण निजत न्हाई," वैनी म्हणाल्या.

विशाखा ज्यावर बसली होती त्यावरच थाप मारून ओरडली, "बाज!"

"बरोबर! लय हुशार गं माझी बाय."

मग वैनींच्या नऊ वर्षांच्या सुमेधसाठी: "अंगभर काटे, डोईवर केशर, पोटात तेल." तो शेतातलाच पोरगा, त्यानं लगेच करडई ओळखली. त्याच्या थोरल्या बहिणीला, पंचफुलेला, वैनींनी हिशोबाचं घातलं. दोन बाप, दोन लेक जेवायला बसले, तीनच भाकरी, तरी प्रत्येकाला अख्खी. पंचफुला बोटं मोजत बसली आणि मग हसली. "आजा, बाप अन् नातू. मधला बाप बी हाय अन् लेक बी."

सुमेधला स्वतःचं कोडं घालायचं होतं. वैनींनी त्याला जवळ घेतलं. "आदी एक वस्तू धर. तिचं नाव लपीव. ती कशावानी दिसती, काय करती, ते सांग. पर खोटं बोलायचं न्हाई. उत्तर कळल्यावर आयकणाऱ्यानं कपाळावर हात मारला पायजे, भांडायला उठू न्हाई."

सुमेध थोडा वेळ कंदिलाकडे बघत बसला. "काचंचा सदरा, पोटात जाळ. राकेल पितो सांजसकाळ."

"सकाळी कंदील कोण लावतंय रे? यमकासाठी खोटं बोललास."

त्यानं डोकं खाजवलं. "काचंचा सदरा, पोटात जाळ. राकेल प्याला की अंधाराचा काळ."

"आता खरं!" वैनींनी त्याच्या पाठीवर थाप दिली. बाहेरचा गलका मुलं विसरली होती. मीही विसरलो होतो.

"आता मी," विशाखा म्हणाली.

ती अजून बोबडं बोलायची. 'र' तिला यायचा नाही. घराला ती घल म्हणायची. बाजेवर मांडी घालून तिनं मान तिरकी केली, कुणी कानात सांगतंय तशी, आणि स्पष्ट म्हणाली:

"दारातून आलं न्हाई, खिडकीतून आलं न्हाई. कुणी बस म्हणलं न्हाई, तरी मधी बसलंय."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तो 'र' तिनंही ऐकला होता.

"वारा," सुमेध म्हणाला.

"वारा खिडकीतून येतो की," वैनी सवयीनं प्रत्येक शब्द तपासत होत्या. "अन् बसतो कुठं?"

"उजेड," पंचफुला म्हणाली.

"कंदील मी लावला. म्हंजे मीच बस म्हणले त्याला. न्हाई." त्यांचं कौतुक अजून चेहऱ्यावर होतं. "बाय, कुठं राहतं ते?"

"हितं."

"काय करतं?"

विशाखानं पुन्हा मान तिरकी केली. "आयकतं."

मी घर मोजलं. मोजणीदाराची सवय. बाज, तिच्यावर विशाखा. समोर वैनी, दोन्ही मुलं, कुसुम, मी. आम्ही शहाबादी फरशीवर गोल करून बसलो होतो आणि मागच्या कोपऱ्याकडे गोलात एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं कुणी उठून गेलेलं नव्हतं.

"पहिलं अक्षर सांग," सुमेध म्हणाला.

"नाव न्हाई त्याला," विशाखा म्हणाली. "जो वळखंल, त्यानं नाव ठिवायचं."

सुमेधनं तोंड उघडलं. वैनींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"कुणी बी कायबी बोलायचं न्हाई," त्या हळू म्हणाल्या.

"वैनी, लेकरू आहे, काहीतरी–"

"भावजी, गप."

विशाखा मोकळ्या जागेकडे बघत होती. "हरलाव म्हणा," ती म्हणाली. "मग मीच नाव सांगते."

कुसुम उठायला लागली. वैनींनी तिला नजरेनंच बसवलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज तोच होता, सुमेधचं यमक दुरुस्त करतानाचा.

"हरलो न्हाई. मी उलट कोडं घालते. अन् हे लेकराला न्हाई. ज्यानं तिला शिकिवलं, त्याला."

कंदिलाची ज्योत हलली नाही.

"सगळ्या घरात मावतं, ओंजळीत घावत न्हाई. नाव घेतलं की मोडतं, नाव न घेता ऱ्हातं. सांग."

पंचफुलेचा हात कानाच्या पाळीकडे गेला. मलाही कळलं.

शांतता. बोलून हे उत्तर देताच येत नव्हतं. ज्याला बरोबर उत्तर द्यायचं, त्याला गप्प बसावं लागणार होतं.

आम्ही वाट पाहिली.

रातकिडे थांबले.

चावडीकडचा गलका थांबला.

माझा श्वास मला ऐकू येईना.

मग विशाखा कलंडली. कुसुमनं तिला उचललं. ती झोपली होती. दारावर दादाची थाप पडली आणि गाव पुन्हा ऐकू येऊ लागलं. सगळं ठीक आहे, उद्या गाडी येईल, दादा म्हणाला.

सकाळी विशाखा उठली आणि म्हणाली, "घली कधी जायचं?" कुसुम तिला कवटाळून रडली.

मी वैनींना चुलीपाशी गाठलं. "एवढं घाईत सुचलं कसं हो तुम्हाला?"

"सुचतंय तवा सुचतंय," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "कोडं खरं असलं की झालं."

"मग त्यानं उत्तर दिलं म्हणायचं?"

"दिलं की. अजून बी देतंय."

"म्हणजे आता पुढची पाळी त्याची?"

वैनींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी 'बरोबर' म्हणलेच न्हाई, भावजी. अन् म्हणायची बी न्हाई."

मला हसू आलं. एवढ्या धीराची बाई मी पाहिली नव्हती. पण सकाळच्या उन्हात मी पुन्हा मोजणीदार झालो होतो. मांडणीवरचं पितळी ताट घेतलं, रात्रीच्या त्या मोकळ्या जागेपाशी गेलो आणि हातभर उंचीवरून सोडलं.

ताट फरशीवर पडलं, काठावर उभं राहिलं, गरगरत मोठ्या वेळानं आडवं झालं. मी ते सगळं नीट पाहिलं. ऐकू काहीच आलं नाही.