लांडग्याचा मोडलेला पंजा

मालवाहू लिफ्टचं दार उघडलं आणि आधी आत आलं ते लांडग्याचं डोकं. त्याच्यामागून ते काखेत धरलेला माणूस.

"घाबरू नका, चावत नाही," तो म्हणाला.

"चावला तरी काय होणार?" मी म्हटलं. "चावल्याने माणूस लांडगा होतो, हे अलीकडच्या सिनेमांनी रुजवलंय. जुन्या गोष्टींत सहसा नाही तसं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग डोक्याकडे. मग परत माझ्याकडे…

"म्हणजे त्या पाट्या लिहिणाऱ्या तुम्हीच?"

"आणि काम रखडवणारे मूर्तिकार ते तुम्ही."

तो हसला. त्याच्या दाढीत करड्या केसांचे तुकडे अडकले होते, लांडग्याचे. मला उगाचच ते काढावेसे वाटले, म्हणून मी हात खिशात घातले.

आमच्या संग्रहालयात 'माणूस आणि लांडगा' नावाचं प्रदर्शन भरणार होतं. डाव्या भिंतीवर लोककथा, उजव्या भिंतीवर आजच्या कादंबऱ्या नि सिनेमे, आणि मधोमध त्याचा लांडगा. मजकूर माझा. त्याने दोन पायांवर उभा, छाती पुढे काढलेला राक्षस योजला होता, आणि मागे बशीएवढा पूर्ण चंद्र.

"चंद्र काढा," मी म्हटलं. "जुन्या कथांत त्याचा उल्लेख क्वचित येतो, पण दर पौर्णिमेला हमखास बदलायचंच, हा नियम नवा आहे."

"मग बदलतात कसे?"

"कातडं पांघरून. अंगाला मलम चोळून. नाहीतर लांडग्याच्या कातड्याचा पट्टा कमरेला बांधून. काही गोष्टींत माणूस कपडे झाडाला टांगतो, तळं पोहून पार करतो आणि पलीकडे लांडगा होऊन निघतो. नऊ वर्षं माणसाचं मांस तोंडाला लावलं नाही, तर परत पोहून येतो आणि कपडे घालतो."

"आणि लावलं तर?"

"मग कपडे तसेच टांगलेले राहतात."

"चांदीची गोळी तरी ठेवू द्या हो," तो काकुळतीला आला.

"जुन्या गोष्टींत ती बहुतेक चेटकिणींसाठी असते, सशाच्या रूपात फिरणाऱ्या. लांडग्याला साधं लोखंड पुरतं. किंवा त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. माणूस परत."

"मग माझं नाव लक्षात ठेवा. कधी उपयोगी पडेल."

"ठेवलंय," मी बोलून गेले. कान तापले माझे.

तीन आठवडे आम्ही असेच भांडत होतो. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. तो चहाचे दोन कप घेऊन यायचा आणि माझा कप मुद्दाम लांडग्याच्या पाठीवर ठेवायचा. मी त्याला त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, ज्याने न्यायालयात छातीठोकपणे सांगितलं की आम्ही लांडगे होतो ते सैतानाने चोरलेलं धान्य परत आणायला.

"म्हणजे चांगले लांडगेही असतात," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"असं ते स्वतःच सांगतात."

पण त्याने माझं ऐकलं. राक्षस मोडून चार पायांचा साधा लांडगा घडवला, जुन्या गोष्टींतला. फक्त डोळे माणसाचे. तो पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मी घरी चालत गेले, तीन बसेस सोडून.

उद्घाटनाला चार दिवस असताना संचालकबाई आल्या. "हा कुत्रा वाटतो. लोकांना फोटो काढायचेत. दोन पायांवर उभा करा," म्हणाल्या आणि गेल्या. मीही पाट्या छापायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडग्याचा पुढचा उजवा पंजा मोडून खाली पडलेला. आणि त्याच्यासमोर सफाईच्या मावशी, पदराने डोळे पुसत.

"मी हात नाही लावला गं पोरी. बाई म्हणतात अकरा वाजता ऑफिसात ये. दुसरं कोण असतं म्हणे इथे? माझं काम जाणार."

तेवढ्यात तो आला. त्याच्या उजव्या हाताला पट्टी.

"सुरी लागली," तो मला म्हणाला. मावशींकडे त्याने पाहिलं नाही.

मी डाव्या भिंतीकडे पाहिलं. तिथे माझीच पाटी होती : शिकारी लांडग्याच्या पंजावर घाव घालतो, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या कुणाच्या तरी हाताला तीच जखम निघते. अशी कथा देशोदेशी सांगतात. मी ती चार वेळा तपासून लिहिली होती.

मावशी बादली उचलून गेल्या, तशी मी त्याला विचारलं, "तू मोडलास ना?"

तो म्हणाला, "राग आला गं… राग आला की मी मी राहत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, माझ्या आत्याकडून. "राग आला की ते ते राहत नाहीत," असं काकांबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, म्हणत ती काळ्यानिळ्या मनगटावर बांगड्या सरकवायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, हे वाक्य बोलणाऱ्याचा संसार मी करणार नाही. कितीही आवडला तरी. आणि हा तर मला फार आवडत होता.

"उजवी भिंत वाच," मी म्हटलं. "नव्या गोष्टींतला नायक कुणीतरी चावल्यामुळे लांडगा होतो. त्याचा इलाज नसतो, म्हणून नायिका रडते आणि माफ करते. आता डावीकडे ये. शापाच्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. पण हा पट्टा बघ. तो कमरेला आपोआप येत नाही. कुणीतरी बांधतं. कोण बांधतं?"

त्याने खाली पडलेला पंजा उचलला.

"लांडगा असल्याच्या आरोपावरून निरपराध माणसं जाळलीत लोकांनी. आज मावशींची पाळी आहे. अकरापर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन."

"आणि… आपलं?"

"ते अकरानंतर."

मी पाट्यांचा गठ्ठा उचलून तिथून निघाले.

अकराला पाच कमी असताना मी ऑफिसच्या दाराशी पोचले, तर तो आत होता. मावशींच्या शेजारी उभा.

"पंजा मी मोडला," तो सांगत होता. "तुमचा राग आला होता मॅडम, पण मोडला मी. कळून मोडला. सकाळी मावशींना रडताना पाहिलं तरी गप्प बसलो, ते जास्त वाईट." मग तो मावशींकडे वळला. "मावशी, माफ करा म्हणायचाही हक्क नाही मला."

"मेल्या, माझं काळीज हललं की रे सकाळपासून!" मावशी म्हणाल्या आणि त्याला पाठीत एक धपाटा घातला. संचालकबाई मात्र विरघळल्या नाहीत. त्याचं नाव फलकावरून गेलं, आणि पुढचं काम त्याला मिळणार नाही हेही त्यांनी तिथेच सांगितलं. दोन पायांचा लांडगा घडवायला आता वेळ नव्हता. जुनाच दुरुस्त करायचा होता.

तीन दिवस त्याने डाव्या हाताने काम केलं आणि मी पंजा धरून बसले. डिंकाच्या वासाने डोकं दुखायचं. आम्ही फारसं बोललो नाही. एकदा त्याच्या दाढीतले केस मी काढले, तेव्हा तो नुसता डोळे मिटून बसला.

शेवटचा केस चिकटवून झाल्यावर तो म्हणाला, "अकरा वाजून तीन दिवस झाले."

"माहितीये."

"मला तू हवी आहेस. असंच, सरळ सांगतो."

"परत राग येईल तुला," मी म्हटलं. "कधीतरी माझाही येईल. मग?"

त्याने घाई केली नाही. पट्टीतल्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली.

"येईल. येणारच. मी तेव्हा खोलीबाहेर जाईन, नाहीतर मोठ्याने भांडेन, ते आत्ता सांगता येत नाही. पण जे करेन ते मीच केलेलं असेल. दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही टाकणार."

मी त्याचा तो दुखरा हात उचलला आणि माझ्या गालाला लावला.

"चल," मी म्हटलं. "आत्याला भेटायचंय तुला. हेच वाक्य तिच्यासमोर बोल, मोठ्याने. काकांनाही ऐकू जाऊ दे."