चौथ्या संदेशापर्यंत

माणदेशाच्या माळावर उभ्या असलेल्या त्या तबकडीचा व्यास सत्तर मीटर होता, आणि तिने गोळा केलेला आवाज डासाच्या गुणगुणण्याहून कोटीपटींनी क्षीण होता. तरीही तो आवाज ओळखीचा होता. दुपारी पावणेदोनला पडद्यावर पहिली ओळ उमटली, तेव्हा सौमित्र खांबेटेने खुर्ची इतकी पुढे ओढली की त्याचा श्वास काचेवर उमटू लागला.

‘मंदाकिनी, राखीव प्रक्षेपकावरून. एकूण चार संदेश. चौथ्यानंतरच उत्तर द्या. कल्याणी घाणेकर.’

गुरूच्या परिसरातले मंदाकिनी यान सकाळपासून मुके झाले होते. त्यात बारा माणसे होती. त्यांतल्या कल्याणीताईंनीच सहा वर्षांपूर्वी सौमित्रला दूरसंवादाची बाराखडी शिकवली होती.

“मथळा उघडा येतो,” तो केंद्राच्या संचालिका डॉ. इंदुमती शेजवलकरांना म्हणाला, “म्हणजे किती ऐकायचंय ते आधीच कळतं. मजकूर मात्र गुंफलेला असतो. काही अक्षरं वाटेत हरवली तरी उरलेल्यांवरून ती सापडावीत म्हणून. पूर्ण आल्याशिवाय तो उकलत नाही. प्रत्येकाला अर्धा तास.”

“आणि मध्ये?”

“दहा मिनिटांची विश्रांती.”

एवढे बोलून तो एकदम उठला. “रुक्साना, आपली पोच बंद कर! आत्ता!”

यंत्रचालक रुक्साना जमादारने वळून पाहिले. संदेश पूर्ण होताच यंत्राने आपण होऊन पोच पाठवायची, हा केंद्राचा जुना शिरस्ता. “अरे बाबा, पोच न दिलेली चालत नाही इथे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा या यंत्राने पोच दिली होती.”

“यानावर राखीव संचाला एकच विद्युतघट आहे. तो एका वेळी प्रक्षेपक तरी चालवतो, नाहीतर ऐकण्याचा ग्राहक. बोलताना त्यांना ऐकू येत नाही. प्रक्षेपक थंड होतो त्या दहा मिनिटांतच ग्राहक चालू असतो. तेव्हा आपला आवाज पोचला, तर यानाचा संगणक समजेल की पाळी पृथ्वीची झाली, आणि प्रक्षेपक तासभर बंद ठेवील.” त्याने कागदावर रेघा ओढल्या. “प्रकाशाला एका बाजूने चाळीस मिनिटं. पहिला संदेश संपताच पोच गेली, तर ती तिसरा संपल्यावरच्या विश्रांतीत पोचते. म्हणजे चौथा वेळेत निघणारच नाही.”

रुक्सानाचा चेहरा उतरला. तिने कळ फिरवली.

“शाबास, खांबेटे,” शेजवलकर म्हणाल्या. सौमित्रने मान खाली घातली. कौतुक त्याला नेहमीच जड जाई.

सव्वादोनला पहिला मजकूर उकलला. स्फोटाने यानाचे दोन तुकडे झाले होते. कल्याणीताई पुढच्या भागात होत्या. दुसऱ्या संदेशात पुढच्या भागाचे स्थान आणि वेग, तिसऱ्यात मागच्या भागाचे, असे त्यांनी कळवले होते. ‘माणसे कुठे जिवंत आहेत ते अजून सांगता येत नाही. मागचा भाग सावकाश फिरतो आहे. त्याची खिडकी समोर आली की आतल्या विजेऱ्या मोजीन, माणशी एक. चौथ्यात सांगते.’

त्या परिसरात मदतीला जाऊ शकेल असे एकच यान होते, तारक. मंदाकिनीचा क्षीण आवाज त्याला ऐकू येत नव्हता. त्याच्या टाकीत एका झेपेपुरते इंधन होते. पुढचा भाग किंवा मागचा, दोन्ही नव्हेत.

तीन वाजायला पाच मिनिटे असताना दुसरा संदेश उकलला, तीन पस्तीसला तिसरा. दोन्ही भागांच्या स्थान-वेगाचे बारा आकडे आता फळ्यावर होते. कोणता भाग कुठे आहे ते त्यांवरून कळत होते. कुणाकडे जावे ते कळत नव्हते. पण हे वाक्य सौमित्रच्या मनात स्पष्ट व्हायच्या आधीच शेजवलकर म्हणाल्या, “तारकला आदेश द्या. पुढच्या भागाकडे.”

“मॅडम, चौथा यायचाय.”

“बाई बोलत्येय पुढच्या भागातून. वीज आहे तिथे, हवा आहे. मागून एक शब्द नाही. आणखी काय हवं?”

“चौथा चार पंधराला पूर्ण होईल. तारकला उशिरात उशिरा चार पंचवीसला आदेश गेला तरी…”

“दहा मिनिटांच्या भरवशावर बसू? आणि चौथा आलाच नाही तर?”

“आपण बोललो तर त्यांची पाळी…”

“पण आपण मंदाकिनीशी बोलतच नाही आहोत, खांबेटे! तारकशी बोलतोय. दुसरी तबकडी, दुसरी वारंवारिता. तिच्या पाळीला धक्का लागतो का? हो की नाही?”

“नाही,” सौमित्र म्हणाला.

ते खरेच होते. त्याच्याकडे एवढे एकच कारण तयार होते, घोटून पाठ केलेले, आणि ते हातातून निसटले. दुसरे कारण ओठांशी आले होते. उत्तर म्हणजे केवळ शब्द नव्हेत. अर्धे ऐकून उचललेले पाऊलही उत्तरच. पण शेजवलकर घड्याळाकडे पाहत होत्या, आणि चारचौघांत अपुरे वाक्य पुरे करणे त्याला जन्मात कधी जमले नव्हते. त्याने आदेश टंकला. तीन चाळीसला तो निघाला.

पाच मिनिटांनी, ठरल्या वेळी, चौथ्याचा मथळा आला. चार पंधराला मजकूर उकलला.

‘खिडकी दोनदा समोर आली. दोन्ही वेळा अकरा विजेऱ्या मोजल्या. सगळे मागच्या भागात आहेत. इथे मी एकटी, आणि हा संदेश संपेल तेव्हा माझ्याकडे दोन तासांची हवा असेल. तारक मला गाठू शकणार नाही. त्यांच्याकडे नऊ दिवसांची आहे. मागच्या भागाकडे पाठवा. आवाज इथून येतो म्हणून इकडे येऊ नका. संदेश संपले. आता तुमची पाळी. ऐकते आहे.’

रुक्सानाने आदेश रद्द करणारा संदेश क्षणात सोडला. तो प्रकाशाच्या वेगाने निघाला, आणि त्याच्या पस्तीस मिनिटे पुढे, त्याच वेगाने, पहिला आदेश चालला होता. त्याला गाठणारे विश्वात काही नव्हते.

“तारक थोडं थांबेल,” शेजवलकर म्हणाल्या. “निदान खात्री करून…”

“पाच मिनिटांत आदेश पोचेल. मिळताच निघा, असं मीच लिहिलंय त्यात.”

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “तुम्ही मला अडवलं का नाहीत?”

“मी तुम्हाला माझं कारण सांगितलं, मॅडम. कल्याणीताईंचं सांगायला हवं होतं: पूर्ण ऐका, मगच हला.”

आता उत्तराची वेळ झाली होती. एका संदेशात चारशे शब्दांची मुभा होती, पाळी आपली होती, आणि तिकडे एक बाई प्रक्षेपक बंद करून ऐकत बसली होती. सौमित्रने हिशेब केला. तिचा शेवटचा शब्द निघाल्यापासून आपला पहिला शब्द पोचेपर्यंत ऐंशी मिनिटे, आणि वर लिहिण्याचा वेळ. त्यानंतर तिच्यापाशी फार तर अर्धा तास उरणार होता.

“काय लिहिणार?” रुक्सानाने हळूच विचारले. “खरं?”

खोटे सौमित्रला लिहिता येत नव्हते, कल्याणीताईंना तर नाहीच. खरे लिहिले तर तो अर्धा तास कसा जाईल, हे त्याला दिसत होते. त्याने कळीवर बोटे ठेवली. मग त्याने लिहिले.

‘माण केंद्र. एकूण दोन संदेश. दुसऱ्यानंतरच उत्तर द्या. चारही संदेश मिळाले. अकरा जणांची नोंद केली. तारक निघाले आहे. बाकी दुसऱ्यात. सौमित्र.’

शेजवलकरांनी ते वाचले, आणि खिडकीकडे तोंड फिरवले. रुक्सानाने विचारले, “दुसरा कधी पाठवायचा?”

“चाळीस मिनिटांनी. अर्ध्या तासाच्या आत नको,” सौमित्र म्हणाला, आणि त्याने कळ दाबली.